बर्फाच्या पाण्याने फसवलेला घाणा

लोणावळ्यातला जुलै. सकाळचा पहिला घाणा लाटून, कापून झाला आणि तुकडा दाताला चिकटला. चिक्की मोडायला हवी, ही वाकत होती. पावसाळी हवेत चिक्की लवकर सादळते, हे खरं. पण पाटावरून उतरल्याबरोबर कोणी सादळत नाही. म्हणजे चूक पाकातच होती.

मापं नेहमीचीच होती. 1 किलो भाजून, सोलून पाकळ्या केलेले दाणे, 800 ग्रॅम चिक्कीचा गूळ, गूळ विरघळण्यापुरतं दोन-तीन चमचे पाणी आणि चमचाभर तूप. पाकाची परीक्षाही केली होती, वाटीतल्या गार पाण्यात टाकलेला थेंब कट्कन तुटला होता. मग लक्ष वाटीकडे गेलं. नव्या मदतनीस पोराने त्यात बर्फाचे खडे टाकले होते. "गार पाणी म्हणालात ना काका!"

तिथेच घोळ झाला. पाकात थोडं पाणी शिल्लक असलं, तरी बर्फात तो थेंब काचेसारखा ताठरतो आणि मोडतो. तोच पाक पाटावर आपल्या हवेइतका निवला की पुन्हा चिवट होतो. उलट शेगडीशेजारी कोमट झालेल्या पाण्यात पक्का पाकही मऊ लागतो, मग आपण आणखी उकळतो आणि गूळ करपून कडू होतो. म्हणून माठातलं साधं गार पाणी घ्यायचं, आणि दर दोन थेंबांनंतर बदलायचं.

दुसऱ्या घाण्याला तसंच केलं. फेस दाट होऊन रंग गडद व्हायला लागल्यावर आच मंद केली. पहिल्या थेंबाची बोटात गोळी झाली. ती लाडवाला चालेल, चिक्कीला नाही. मिनिटाने घेतलेला थेंब ताणला तर तार निघाली, पण वाकली. पुढच्या वेळी थेंब वाटीच्या तळाशी पडून टण्ण वाजला, दोन बोटांत कट्कन मोडला. तरी दाताखाली धरून बघितला, कारण खरा निकाल तिथे लागतो: चुरा झाला, चिकटला नाही. थेंब तपासताना दर वेळी कढई आचेवरून बाजूला घेत होतो, नाहीतर निकाल लागेपर्यंत पाक पुढे गेलेला असतो.

इथून पुढे बोलायलाही फुरसत नसते. दाणे गरमच हवेत, गार दाण्यांवर पाक लगेच आळतो आणि गोळे होतात. दाणे घालून चार-पाच वेळा उलथलं, तूप लावलेल्या पाटावर ओतलं, तूप लावलेल्या लाटण्याने एका दाण्याच्या जाडीइतकं लाटलं, आधी कडा, मग मध्य. लगेच सुरीने खोल रेघा मारल्या. एक कोपरा राहिला होता, तिथे मिनिटभराने सुरी टेकवली तर तडा वेडावाकडा गेला.

तुकडे निवल्याबरोबर डब्यात भरून झाकण लावलं. पहिला घाणा कुटून लाडवांकडे गेला.