पाठवणीआधीची खोली

मंगळवार, रात्र

लग्नाला आज नऊ दिवस झाले. निघताना आई-बाबांशी मी जे बोलले ते अजून जसेच्या तसे आठवते आहे, तोवर येथे उतरवून ठेवते. पुढे आठवणीत त्याला झालर लागेल, आणि जे मी बोललेच नाही तेही बोलल्यासारखे वाटू लागेल, अशी मला भीती वाटते.

लग्नाच्या दोन आठवडे आधी मी दोन पाने लिहून काढली होती. त्यात आईच्या कष्टांविषयी होते, बाबांच्या घामाविषयी होते, अंगण आणि तुळस यांविषयीही होते, आणि आमच्या साताऱ्याच्या घराला अंगण नाही, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गॅलरी आहे, हे ती पाने दुसऱ्यांदा वाचताना माझ्या ध्यानात आले. त्यातले एकही वाक्य असे नव्हते की जे माझ्या मामेबहिणीला तिच्या लग्नात, एक अक्षरही न बदलता, म्हणता आले नसते. मोठ्याने वाचून पाहिले तेव्हा माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी आपोआप चढत गेला, आणि तेथेच मला कळले की हे आई-बाबांसाठी लिहिलेले नाही. ती पाने मी फाडून टाकली. मात्र आपल्याला त्यांना नेमके काय सांगायचे आहे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर मला झालीच्या श्लोकात सापडले. साहित्याची यादी द्यायला गुरुजी घरी आले होते, तेव्हा मी त्यांना झालीच्या वेळी काय म्हणतात ते अर्थासह सांगायला लावले. झाल म्हणजे ऐरणीदान. वेळूच्या परडीत कणकेचे दिवे पेटवून ठेवतात, आणि मुलीचे आई-वडील ती परडी वराच्या आई-वडिलांच्या आणि घरच्या मंडळींच्या डोक्यावर एकामागून एक धरतात. त्या वेळी गुरुजी म्हणतात, "अष्टवर्षा त्वियं कन्या पुत्रवत्पालिता मया । इदानीं तव पुत्राय दत्ता स्नेहेन पाल्यताम् ॥" ही आठ वर्षांची मुलगी मी मुलासारखी वाढवली, आता तुमच्या मुलाला दिली आहे, तिला प्रेमाने सांभाळा. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि सहा वर्षे पुण्यात नोकरी करते आहे, त्यामुळे 'अष्टवर्षा' ऐकून माझ्या भावाला हसू आले. मला मात्र 'पाल्यताम्' या शब्दापाशी थांबावेसे वाटले. एवढ्या मोठ्या सोहळ्याच्या शेवटी माझे आई-वडील दुसऱ्या घरापुढे विनंती करणार होते, आणि ज्या मुलीसाठी ती करायची ती मुलगी तेथेच शेजारी गप्प उभी राहणार होती. विधीत वधूच्या वाट्याला तसेही बोलणे फारसे येत नाही. सप्तपदीतले 'इष एकपदी भव' हेसुद्धा वरानेच तिला म्हणायचे असते.

मला झाल नको होती असे नाही. ती आईच्या मनात होती आणि तिने ती मनापासून केली. मला खटकत होते ते त्या विनंतीचे पुढे घरोघरी जे होते ते. आमच्याकडे मुलीची आई निघताना सासूचे हात हातात घेऊन म्हणते, "काही चुकलंमाकलं तर पोटात घाला, पोरीला कामाची सवय नाही." हे शब्द मी प्रत्येक लग्नात ऐकले आहेत. ते केवळ तेवढ्या वेळापुरते असते तर माझी काही तक्रार नव्हती, पण ते पुढे वर्षानुवर्षे फोनवर चालू राहतात. दिवाळीचा फराळ पाठवताना, मुलगी आजारी पडल्यावर, ती दोन दिवस जास्त माहेरी राहिली तरीसुद्धा, आई दुसऱ्या घराची माफी मागतच राहते.

आणि या माफीची दुसरी बाजू मुलीच्या तोंडी येते. माझी एक चुलतबहीण लग्नानंतर दोन वर्षे फोनवर दर वेळी "मी बरी आहे" असे सांगत होती. काकू आम्हांला समाधानाने सांगायची, "बरी आहे म्हणते." ती बरी नव्हती. आई-वडिलांनी इतक्या लोकांपुढे हात जोडले, कर्ज काढले, आता त्यांना वर त्रास कशाला द्यायचा, असे तिने मनाशी धरले होते, आणि हे तिने आम्हांला सांगितले ते घरी परत आल्यावर. काकू आजही कुणी "बरी आहे" म्हटले की गप्प होते. माझ्या घरी तसे काही होईल असे मला वाटत नव्हते. माझा नवरा मला चार वर्षे माहीत आहे आणि त्याच्या घरची माणसे सरळ आहेत. पण आई-बाबांना हे कसे माहीत असणार? त्यांच्या कानांवर माझ्याकडून पुढे जो शब्द सर्वांत जास्त वेळा पडणार होता, तो 'बरी आहे' हाच होता, आणि त्यावर विश्वास ठेवता येईल की नाही, हे त्यांना मीच सांगू शकत होते.

तेव्हा सांगायचे काय ते ठरले. कोठे सांगायचे हेही मी ठरवून टाकले. कार्यालय सहा वाजता रिकामे करून द्यायचे होते, म्हणजे पाचनंतर दारात गाडी, बँड, सामानाची हलवाहलव आणि दोन्हीकडची मंडळी एकाच वेळी असणार होती. तेथे नीट काही बोलता येत नाही. घसा दाटतो, कुणीतरी पाण्याचा पेला पुढे करते, आणि निम्मे वाक्य बँडमध्ये जाते. म्हणून भावाला आधीच सांगून ठेवले होते की ओटी भरून झाली की आई-बाबांना वधूपक्षाच्या खोलीत घेऊन ये, दार लाव आणि बाहेर उभा राहा.

खोलीत गाद्यांवर पिशव्यांचा ढीग होता. कोपऱ्यात रुखवतातले चिरोटे कुणीतरी वर्तमानपत्राने झाकून ठेवले होते. आई दार लागताच म्हणाली, "काय झालं? काही राहिलं का?" तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर झालीच्या दिव्याचे तेल सांडून लाल डाग पडला होता. विहिणीच्या डोक्यावर परडी धरताना तिचा हात कापला तेव्हा तेल तिने स्वतःच्या बोटावर घेतले, पलीकडच्या पैठणीवर पडू दिले नाही. मी तो हात धरला आणि आधी तिच्याशीच बोलले.

मी म्हणाले, "आई, आज तू हात जोडलेस. ते आजच्यापुरतं. यापुढे माझ्यासाठी कुणाची माफी मागायची नाही. माझं चुकलं तर मी मागेन."

आई म्हणाली, "अगं, तशी रीत असते."

"रीत झाली. आता मी काय सांगते ते ऐक. फोनवर मी बरी आहे म्हटलं, तर मी बरी असेन. नसेन तेव्हा नाही म्हणेन. तुला आवाजावरून ओळखायला लागणार नाही."

ती काहीच बोलली नाही. तिने माझा हात उलटा करून मेंदीकडे पाहिले, जणू काही तेथे लिहिलेले आहे, आणि मग मान हलवली.

बाबांना सांगायचे वेगळे होते. कॉलेजची चार वर्षे दर सोमवारी पहाटे पावणेपाचला ते मला स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडायला येत, आणि पुण्याची गाडी हलेपर्यंत फलाटावर थांबत. ते थांबतात याचा मला पहिली दोन वर्षे संकोच वाटे आणि मी मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसत असे. हे मी त्यांना कधीच सांगितले नव्हते. मी म्हणाले, "बाबा, स्टँडवर तुम्ही थांबायचात ना, तेव्हा मी मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसायचे. मला ते आता फार लागतं. आज मी तुमच्या बाजूला बसते."

बाबा म्हणाले, "माहीत होतं मला." मग थोड्या वेळाने, "तरी दिसायचीस तू. केस दिसायचे."

मला आणखी दोन गोष्टी सांगायच्या होत्या. लग्नाच्या हिशेबावरून पंधरा दिवसांपूर्वी मी त्यांच्याशी ज्या शब्दांत बोलले होते त्याबद्दल, आणि त्यांच्या बीपीच्या गोळ्यांबद्दल. पहिलीचे फक्त "त्या दिवशी मी वाईट बोलले" एवढेच झाले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. गोळ्यांचे राहूनच गेले. सगळे मिळून सात-आठ मिनिटे झाली असतील. "तुमच्यामुळेच मी आज येथे आहे" यासारखे काहीही मी म्हणाले नाही. ते खोटे नाही, पण त्यावर समोरच्या माणसाला काहीच उत्तर देता येत नाही, आणि मला त्यांचे उत्तर हवे होते.

दारात मग जे व्हायचे तेच झाले. मावशी कानाशी म्हणाली, "रड गं, मोकळी हो." फोटोवाल्याने बाबांना जरा अलीकडे येऊन पुन्हा एकदा मिठी मारायला सांगितले. बाबा "झालं आमचं" म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. मला रडू आले ते त्या दोन शब्दांनी. आई सासूबाईंपाशी गेली, त्यांचे हात तिने हातात घेतले, आणि मी श्वास रोखून उभी राहिले. ती म्हणाली, "येतो आम्ही नाशिकला, द्राक्षांच्या दिवसांत." सासूबाई म्हणाल्या, "नक्की या." एवढेच. चाकाखाली नारळ ठेवला गेला. बाबा डावीकडे उभे होते, म्हणून मी नवऱ्याला आधी आत जायला सांगून डाव्या खिडकीशी बसले आणि काच खाली केली.

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. इकडचे तिकडचे झाल्यावर तिने विचारले, "कशी आहेस?" या वेळी तिने तो प्रश्न खरोखर विचारला होता, हे मला जाणवले. मी म्हणाले, "बरी आहे. पण झोप होत नाही, माणसं अजून जायची आहेत. आणि इथला चहा मला फार गोड लागतो."

"मग सांगितलंस का तसं?"

"नाही अजून."

"उद्या सांग," आई म्हणाली. सासूबाईंना फोन दे, असे ती म्हणाली नाही.