फुगा घासला, पण कपटे हललेच नाहीत

मुलीच्या वर्गातल्या 22 मुलांना स्थिर विद्युत दाखवायचं काम मी आपणहून मागून घेतलं होतं. सगळी मुलं आठ वर्षांची. सामान म्हणजे फुगे, लोकरीचा जुना मोजा आणि कागदाचे कपटे. आदल्या आठवड्यात घरी करून पाहिलं, तेव्हा पहिल्याच खेपेला कपटे टुणकन उडून फुग्याला चिकटले होते. वर्गात मात्र मी फुगा घासून कपट्यांवर धरला आणि काहीच झालं नाही. पुन्हा घासला. एक कपटा जेमतेम हलला, तोही बहुधा माझ्या श्वासाने. "काकू, जोरात घासा ना," मुलं म्हणाली. मी जोरात घासला, तर फुगा फुटला.

या प्रयोगाची कृती जिथे वाचावी तिथे एकाच ओळीत संपते: फुगा केसांवर घासा, कागदाजवळ न्या, कागद चिकटतील. नाही चिकटले तर काय करायचं, याचा कुठे उल्लेखही नसतो. त्या दिवशीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून ती राहिलेली ओळ मी इथे सविस्तर लिहिते आहे.

वर्गात मी जे जे केलं ते आधी सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात. मोज्याने जमेना म्हणून सुती रुमाल घेतला. मग एका मुलीच्या केसांवर फुगा घासला, पण तिच्या केसांना तेल होतं आणि फुग्यावर तेलकट पट्टा उमटला. मग दुसरा, मोठा फुगा घेतला. प्रत्येक वेळी घाईत फुगा दोन्ही हातांच्या तळव्यांत धरत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "दोन दिवसांनी पुन्हा करू या." मुलांचे पडलेले चेहरे पाहून मी घरी आले.

रात्रभर पाऊस झाला होता आणि हवा ओलसर होती. घरातल्या आर्द्रतामापकावर काटा 78 टक्क्यांवर होता. घरचा यशस्वी प्रयोग कोरड्या दुपारी झाला होता. संशय तिथेच आला, पण दमट हवेमुळे नेमकं काय बिघडतं, फुगा की मोजा की कागद, हे कळल्याशिवाय उपाय सापडणार नव्हता. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं.

सगळ्यात आधी मला हे ओळखायचं होतं, की फुग्यावर प्रभार येतच नाही, की येतो पण कपटे जड पडतात. त्यासाठी टेबलाच्या कडेला शिवणाचा एक दोरा हातभर लोंबता सोडला. घासलेला फुगा त्याच्या जवळ नेला, की दोरा फुग्याकडे झुकायला हवा. दोरा इतका हलका असतो, की थोडासा प्रभारही त्याला खेचतो. माझा दोरा किंचित झुकायचा आणि पाच-सहा सेकंदांत सरळ व्हायचा. याचा अर्थ प्रभार येत होता, पण टिकत नव्हता. ही दोऱ्याची चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिने अडचणीचे दोन तुकडे झाले.

मग हेअर ड्रायर काढला. आधी फक्त कागद वाळवला. फरक शून्य. मग फक्त मोजा वाळवला, तेव्हा दोरा जास्त झुकला, पण लगेच परतला. शेवटी मोजा आणि फुगा दोन्ही मिनिटभर कोमट हवेवर धरले, फुगा गाठीपाशी चिमटीत पकडला आणि 20 वेळा घासला. दोरा सरळ येऊन फुग्याला चिकटला आणि तिथेच राहिला. न वाळवलेले कपटेसुद्धा उडाले! कागद वाळवत बसायची गरजच नव्हती, वाळायला हवे होते फुगा आणि लोकर.

कारण असं आहे. हवेत बाष्प भरपूर असलं की वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो. फुग्यावर बोटांचा घाम लागलेला असेल तर त्यातलं मीठ या थरात उतरतं आणि प्रभाराला पळायला वाट मिळते. घासलेल्या जागेवरून तो पसरत जातो आणि हातातून निघून जातो. लोकर तर बाष्प शोषूनच घेते, त्यामुळे ओलसर मोजा मुळात प्रभार कमी देतो. "दमट हवा वीज वाहून नेते" असं सर्रास सांगितलं जातं, पण खरी गळती हवेतून नाही, पृष्ठभागावरच्या त्या थरातून होते. म्हणून अख्खी खोली कोरडी करावी लागत नाही, फुग्याची कातडी कोरडी असली की पुरतं. माझ्या अनुभवात आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास असेल तर काहीच करावं लागत नाही, आणि 60 च्या वर गेली की ड्रायर लागतोच.

इंग्लंडमधले वैद्य विल्यम गिल्बर्ट यांनी 1600 सालीच नोंदवून ठेवलं होतं, की दमट हवेत आणि तोंडाची वाफ लागली की घासलेल्या अंबराची, म्हणजे झाडाच्या राळेपासून बनलेल्या खड्याची, ओढ कमी होते. चारशे वर्षांपूर्वी लिहिलेली ही गोष्ट आजच्या कृतींमधून गळून जावी, याचा मला खरंच खेद होतो.

ड्रायरच्या बाबतीत दोन गोष्टी. हवा कोमटच हवी, कारण गरम हवेने फुगा फुगत जाऊन फुटतो, आणि ड्रायर मोठ्या माणसानेच हाताळायचा. दुसरं, आधी वाळवायचं आणि मग घासायचं. काही ड्रायरना आयन, म्हणजे प्रभार असलेले कण, सोडण्याची सोय असते. ते आयन प्रयोगात ढवळाढवळ करू शकतात, त्यामुळे ते बटण बंद ठेवा.

दोन दिवसांनी वर्गात पुन्हा गेले. हवा तशीच दमट होती, पण या वेळी 20 घासण्यांत काम झालं. कपटे साधारण तीन सेंटिमीटरवरून उडाले आणि वर्गात एकच आरडाओरडा झाला. माझा ऊर भरून आला.

कपट्यांबद्दल सांगायचं राहिलं. ते अर्ध्या सेंटिमीटरचे, पातळ कागदाचे हवेत. वहीच्या जाड कागदाचे मोठे तुकडे फुगा चांगला असूनही उठत नाहीत आणि मुलांना वाटतं प्रयोग फसला. मुलांनी 5, 10, 20 आणि 40 वेळा घासून किती कपटे उठतात ते मोजलं. विसानंतर आकडा फारसा वाढला नाही, म्हणजे फुगा फुटेस्तोवर घासण्यात अर्थ नाही हे त्यांनीच मला सांगितलं.

समजावताना मी एवढंच म्हटलं: प्रत्येक वस्तूत खूप बारीक कण असतात, काही धन, काही ऋण, आणि दोन्ही सारखेच असल्यामुळे एरवी काही जाणवत नाही. घासताना लोकरीतले काही ऋण कण फुग्यावर जातात. वीज नवी तयार होत नाही, कण फक्त जागा बदलतात. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, ऋण आणि ऋण एकमेकांना ढकलतात. हे ढकलणं दाखवायला दोन फुगे दोऱ्याने शेजारी टांगले आणि दोन्ही एकाच मोज्याने घासले. ते एकमेकांपासून तोंड फिरवून दूर झाले.

मग पहिल्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "पण काकू, कागद तर घासलाच नाही, मग तो का आला?"

मला याच प्रश्नाची वाट होती. कागदावर धन प्रभार असतो असं सांगून पुष्कळ जण मोकळे होतात, पण ते चूक आहे. कागदात धन आणि ऋण सारखेच असतात. फुगा जवळ आला की कागदातले ऋण कण फुग्यापासून जरासे लांब सरकतात, म्हणून फुग्याच्या बाजूला धन उरतं. जवळच्या धनाला बसणारी ओढ लांबच्या ऋणाला बसणाऱ्या ढकलीपेक्षा जास्त असते, आणि कागद फुग्याकडे येतो. मी सहा मुलांना उभं केलं. तिघांच्या हातात धनाची चिठ्ठी, तिघांच्या हातात ऋणाची. फुगा झालेली मुलगी ऋणाची चिठ्ठी घेऊन जवळ आली, तशी ऋणवाली तिघं एक पाऊल मागे सरकली. "म्हणजे पुढे धनवालेच राहिले!" तोच मुलगा ओरडला. याहून जास्त आठ वर्षांच्या मुलाला सांगायची गरज नाही.

एका मुलीला वाटलं फुगा चुंबक झाला. आम्ही खरा चुंबक कपट्यांवर धरला, एकही हलला नाही.

हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: फुगे मोठ्यांनीच फुगवायचे. न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकला तर श्वास कोंडतो, म्हणून फुटला की तुकडे ताबडतोब मोजून उचला. फुगा डोळ्यांजवळ घासू देऊ नका. रबराची ॲलर्जी कुणाला आहे का, हे आधी विचारा. असेल तर त्या मुलाला फुग्यापासून लांब ठेवून प्लॅस्टिकची पट्टी द्या, तीही लोकरीवर घासली की कपटे उचलते. स्पिरिट किंवा सॅनिटायझरची बाटली जवळ नको, कारण बारीक ठिणगीनेही त्याची वाफ पेटू शकते. आणि मुलांना स्पष्ट सांगा, की फुग्यावरचा प्रभार अगदी थोडा असतो म्हणून तो फक्त चटका देतो, पण भिंतीतल्या प्लगमागे वीज सतत येत राहते, तिथे बोट किंवा पिन कधीच घालायची नाही. प्लगमधली वीजही अशीच असते का, असं माझ्या वर्गात दोघांनी विचारलं होतं.

शेवटी फुगा भिंतीला चिकटवून मुलांनी वेळ मोजली. न वाळवलेला फुगा 20 सेकंदांत घसरला. वाळवून घासलेला 7 मिनिटं टिकला. मग एकाने घासलेल्या दुसऱ्या फुग्यावरून ओला तळवा फिरवला आणि तो भिंतीला लावला. तो लागलाच नाही. "पाण्याने पळवलं," तो म्हणाला, आणि मोजा आणायला धावला.