शेतकरी गटाला सोसायटीचं पत्र: माझा अनुभव

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत 180 सदनिका आहेत आणि सध्या मी सोसायटीची सचिव आहे. आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांनी थेट आवारात येऊन ताजी भाजी विकावी, ही मागणी वार्षिक सभेत झाली आणि कोणाचाच विरोध आला नाही. गटाला पत्र पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

कार्यकारिणीत आधी एक कच्चा मसुदा फिरला होता. त्यात सगळ्या अटी आमच्या बाजूच्या होत्या: गाडी गेटबाहेर थांबवावी, कचरा उचलून न्यावा, दर आठवड्याला 500 रुपये भाडं द्यावं आणि भाजी बाजारभावापेक्षा वीस टक्के स्वस्त असावी. तो वाचल्यावर मला वाटलं की या पत्रात शेतकऱ्याला यावंसं वाटावं असं एकही वाक्य नाही. म्हणून लिहायच्या आधी गटाची गणितं समजून घ्यायचं ठरवलं.

तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात 'आत्मा' योजनेखाली नोंदलेल्या शेतकरी गटांची माहिती मिळते. तिथूनच पुरंदर तालुक्यातल्या एका गटाचा संपर्क मिळाला. गटाच्या अध्यक्षांना मी शेतावर भेटायला गेले. त्यांनी चहा पाजला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, माल किती जाईल ते सांगा. बाकीचं नंतर बोलू."

मग त्यांनी हिशोब मांडला. छोट्या टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं 2,000 रुपये, दोन माणसांची हजेरी 1,000, पिशव्या आणि किरकोळ खर्च 300, म्हणजे एका फेरीला 3,300. भाजी मार्केट यार्डात पाठवली तर हमाली, तोलाई, वाहतूक जाऊन हातात जे पडतं, त्यापेक्षा थेट विक्रीत नासधूस धरूनही किलोमागे सरासरी 12 रुपये जास्त मिळतील असा त्यांचा अंदाज होता. 3,300 भागिले 12 म्हणजे 275 किलो. त्याहून कमी विक्री झाली तर यार्डच बरं. आमच्या मसुद्यातलं 500 रुपये भाडं धरलं तर हाच आकडा 315 च्या पुढे जात होता. भाड्याचा मुद्दा माझ्या मनात तिथेच निकालात निघाला.

परत येऊन आम्ही घरोघरी एक साधा कागद फिरवला. "तुम्हाला शेतकऱ्यांची भाजी आवडेल का?" असं मुद्दाम विचारलं नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. विचारलं ते हे: गेल्या आठवड्यात किती किलो भाजी घेतली, कोणत्या दिवशी, कुठून, आणि आवारात स्टॉल असता तर त्यातली किती तिथून घेतली असती? 104 घरांनी कागद भरून दिले. त्यातली 71 घरं दर आठवड्याला घेऊ म्हणाली, सरासरी 3 किलो. पण कागदावर हो म्हणणारे सगळेच शनिवारी खाली उतरत नाहीत. मी 50 घरं धरली, म्हणजे 150 किलो. 275 च्या जवळपासही नाही.

खरी अडचण इथे होती आणि पत्र कितीही गोड लिहिलं तरी ती सुटली नसती. शेजारच्या 140 सदनिकांच्या सोसायटीच्या सचिवांशी बोलले. त्यांच्याकडे तसाच कागद फिरवल्यावर खात्रीची 45 घरं धरता आली, 135 किलो. दोन्ही मिळून 285. एकच गाडी आधी आमच्याकडे, मग त्यांच्याकडे थांबली तर फेरी जेमतेम का होईना, परवडणार होती. म्हणून पत्र दोन्ही सोसायट्यांचं संयुक्त निघालं.

वार आणि वेळ ठरवतानाही शेताकडून विचार करावा लागला. आमच्या सभासदांना रविवारी सकाळी आठची वेळ हवी होती. पण त्यासाठी पालेभाजी शनिवारी दुपारी काढून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवावी लागते. सकाळी जुडी वरून हिरवी दिसते, आतली पानं मात्र पिवळी पडायला लागलेली असतात. शनिवारी संध्याकाळचा स्टॉल असेल तर मेथी-कोथिंबीर त्याच दिवशी पहाटे निघते, दुपारी गाडी भरते आणि दिवे घाट उतरून वेळेत पोहोचते. हे कारण सांगितल्यावर रविवारवाले सभासदही तयार झाले.

भावाच्या अटीवर मात्र कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली. वीस टक्के स्वस्त, पण कशापेक्षा? गेटवरच्या भाजीवाल्यापेक्षा, मॉलपेक्षा की यार्डातल्या घाऊक भावापेक्षा? टोमॅटो पडतो तेव्हा शेतकऱ्याच्या हातात किलोला पाच रुपये येतात आणि तोच टोमॅटो आपण पंचवीसला घेतो. मधल्या वीस रुपयांतला काही भाग त्याला आणि काही आपल्याला मिळावा, हाच तर या स्टॉलचा अर्थ. त्यात एक टक्केवारी ठोकून बसवली की भाव चढल्यावर गट माल पाठवणार नाही आणि उतरल्यावर आपण घासाघीस करत बसू. शेवटी ठरलं की भाव गटाने ठरवावा, फळ्यावर लिहावा आणि सोसायटीने त्यात पडू नये.

एका सभासदाने विचारलं, आवारात भाजी विकायला बाजार समितीचा परवाना लागतो का? रास्त प्रश्न होता. महाराष्ट्रात 2016 साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, त्यामुळे समितीच्या आवाराबाहेर शेतकरी ग्राहकाला थेट विकू शकतो. भाड्याबद्दल आमच्या लेखापरीक्षकांनीही सांगितलं की बाहेरच्यांकडून घेतलेलं भाडं सभासदांच्या वर्गणीसारखं धरता येत नाही, त्यावर कर लागू शकतो. पैसे सोसायटीच्या खात्यातून फिरवायचे नाहीत हेही त्यातूनच ठरलं. ग्राहकांनी थेट गटाच्या क्यूआर कोडवर किंवा रोख द्यायचे. हे सगळं कार्यकारिणीच्या ठरावात घेऊन इतिवृत्तात नोंदवलं आणि मगच पत्र लिहायला बसले. त्याचा मुख्य भाग असा:

प्रति,
मा. अध्यक्ष, शेतकरी गट

विषय: दर शनिवारी ताज्या भाजीपाल्याचा स्टॉल चालवण्यासाठी निमंत्रण

महोदय,

आमच्या दोन्ही सोसायट्यांच्या कार्यकारिणीने ठराव करून आपल्या गटाला आठ शनिवारांसाठी प्रायोगिक तत्त्वावर स्टॉल लावण्याची विनंती करण्याचे ठरवले आहे. घरोघरी घेतलेल्या माहितीवरून पहिल्या सोसायटीत सुमारे 150 किलो व दुसऱ्या सोसायटीत सुमारे 135 किलो विक्री होईल असा आमचा अंदाज आहे. ही हमी नाही. माहितीचा तक्ता सोबत जोडला आहे.

वेळ पहिल्या सोसायटीत दुपारी 4:30 ते 6:15, दुसऱ्या सोसायटीत 6:45 ते 8:30. जागा, छत, दोन टेबलं, दिवा, पाणी व स्वच्छतागृह आम्ही देऊ. जागेचे भाडे नाही. टेम्पो आत आणून माल उतरवता येईल, मात्र अग्निशमन गाडीचा मार्ग मोकळा ठेवावा.

भाव आपण ठरवावा व फळ्यावर लिहावा. तराजूवर वजनमापे विभागाचा चालू शिक्का असावा. गटाच्या शेतातला नसलेला माल वेगळ्या क्रेटमध्ये, तशी पाटी लावून ठेवावा. येत्या तीन महिन्यांत गटाकडे कोणत्या भाज्या निघतील त्याची यादी उत्तरासोबत पाठवावी.

पत्र इथे संपत नाही, पण बाकीचा भाग कचरा आणि संपर्काचा आहे. शेतातला नसलेला माल आणि भाज्यांची यादी या दोन वाक्यांबद्दल थोडं सांगते. बटाटा, आलं, लसूण गटाकडे पिकत नाही आणि ग्राहकाला ते एकाच ठिकाणी हवं असतं, म्हणून बाहेरचा माल आणायला आम्ही बंदी घातली नाही. पण बंधन नसेल तर स्टॉल हळूहळू यार्डातून माल उचलून विकणारा होतो, आणि ते ओळखायला हीच यादी लागते. पुरंदरचा मटार पावसाळ्यात भरात असतो. मे महिन्यात हिरवागार मटार 'आमच्या शेतातला' म्हणून समोर आला तर विचारायला हवं. एकाच मापाचा, निवडलेला टोमॅटो आठवडेच्या आठवडे येत राहिला तरी विचारायला हवं. शेतातून थेट आलेल्या क्रेटमध्ये लहान-मोठं मिसळलेलं असतं आणि भेंडीत एखादी निबर निघतेच.

लोणची-पापड आणण्याची सूचनाही काही सभासदांकडून आली होती. ते प्रक्रिया केलेले पदार्थ, त्यांना अन्न परवाना किंवा नोंदणी लागते. म्हणून सध्या पत्रात फक्त भाजी आणि फळं ठेवली.

अध्यक्षांचा फोन आला. यादी आणि जागा त्यांना मान्य होत्या, पण एक गोष्ट पत्रात राहिली होती आणि ती त्यांनी नेमकी पकडली. "तुमच्याकडे लग्न आहे, पाणी नाही, रंगकाम आहे, म्हणून स्टॉल नको असेल तर शुक्रवारी रात्री कळवून चालणार नाही. मजूर सांगून ठेवलेले असतात आणि शनिवारी उजाडताच मेथी उपटलेली असते." त्यावरून कलम वाढवलं: स्टॉल रद्द करायचा असेल तर दोन्ही बाजूंनी गुरुवारी रात्री आठपर्यंत कळवायचं. त्यानंतर सोसायटीने रद्द केला तर काढलेली पालेभाजी सोसायटीने फळ्यावरच्या भावाने घ्यायची. हे दुसरं वाक्य कार्यकारिणीत पटवायला मला वेळ लागला, पण ते ठेवलंच.

प्रायोगिक शनिवारांत विक्री 285 वर स्थिर राहिली नाही. महिन्याच्या शेवटी उतरायची, सणाच्या आठवड्यात चढायची. पालेभाजी आमच्याकडेच संपून जायची आणि दुसऱ्या सोसायटीला वांगी-दोडकी उरायची, म्हणून आता त्यांच्या जुड्या वेगळ्या क्रेटमध्ये झाकून ठेवल्या जातात आणि आमच्याकडे उघडल्याच जात नाहीत. शुक्रवारी दुपारी गट उद्याच्या मालाची यादी पाठवतो, दोन्हीकडचे लोक आपल्या जुड्या सांगून ठेवतात, आणि त्या हिशोबाने पहाटे किती वाफे काढायचे ते ठरतं. मुदत वाढवण्याच्या पत्रात आम्ही विक्रीचा अंदाज बदलून 240 ते 300 किलो असा लिहिला आणि रद्द करण्याचं कलम जसंच्या तसं ठेवलं.