आमची वाटचाल : निरोपानंतरचा एक संदेश

इंदूरच्या सरवटे बस स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आमचे अकरा खोल्यांचे यात्री निवास आहे. मी आणि माझ्या चुलत भावाने २००९ साली ते सुरू केले. पहिली तेरा वर्षे बरी गेली, त्यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. महाराष्ट्रातून महाकाल आणि ओंकारेश्वराच्या दर्शनाला येणारी कुटुंबे हाच आमचा मुख्य ग्राहक, आणि एकाने दुसऱ्याला सांगावे, दुसऱ्याने फोन करावा, अशी आमची बुकिंगची रीत होती. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या दीड वर्षाबद्दल, कारण त्या दीड वर्षात हा व्यवसाय जवळजवळ बंद पडला होता आणि तो कशामुळे सावरला हे अजूनही पुष्कळांना पटत नाही.

११ ऑक्टोबर २०२२ रोजी उज्जैनमध्ये महाकाल मंदिराभोवतीच्या ‘महाकाल लोक’ या नव्या परिसराचे उद्घाटन झाले आणि यात्रेकरूंची रीघ लागली. नवे लोक ओळखीने येत नव्हते. ते मोबाइलवरच्या नकाशात लॉज शोधत आणि तारे बघून ठरवत. त्याच हिवाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत एक नवे हॉटेल उघडले. मी त्याचे नाव घेणार नाही. खोल्या आमच्यापेक्षा लहान, गच्चीवर पाण्याची एकच टाकी, आणि तरीही चार महिन्यांत त्यांचे रिव्ह्यू आमच्या तेरा वर्षांच्या रिव्ह्यूंपेक्षा जास्त झाले. कारण समजायला वेळ लागला नाही. बिल देताना काउंटरवरचा मुलगा पाच तारे देऊन दाखवायला सांगे आणि त्या बदल्यात बिलातून शंभर रुपये कमी करी. आमच्याकडे वर्षानुवर्षे उतरणारी दोन कुटुंबेसुद्धा तिकडे गेली, याचे दुःख मला आजही आहे.

त्या वेळी मी जे केले ते चुकीचे होते. चुलत भावाच्या आग्रहाने आम्हीही काउंटरवर क्यूआर कोडचा ठोकळा ठेवला आणि त्याच्या शेजारी पाटी लावली : पाच तारे द्या, पोहे-जिलेबीचा नाश्ता आमच्याकडून. चेक-आउटच्या वेळी पाहुण्याचे ओळखपत्र परत द्यायचे असते, खोलीची किल्ली घ्यायची असते, अनामत रक्कम मोजायची असते. नेमक्या त्या क्षणी आमच्या काउंटरवरचा मुलगा हसून ठोकळा पुढे करी. सामान दारात, टॅक्सी उभी, पैसे अजून समोरच्याच्या हातात, अशा स्थितीत कोण नाही म्हणणार? आमचे गुण ४.८ झाले. रिव्ह्यूंकडे लक्षपूर्वक पाहिले असते तर रोग तेव्हाच दिसला असता : सगळे सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यानचे, बहुतेक दोन-तीन शब्दांचे, निम्म्यांत काउंटरवरच्या मुलाचे नाव, आणि खोली, पाणी, गादी, आवाज यांबद्दल एक अक्षर नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांतले बरेचसे रिव्ह्यू नाहीसे झाले. दोष आमचाच होता. गूगलच्या नियमांत सवलत, फुकट वस्तू किंवा पैसे देऊन रिव्ह्यू लिहून घेण्यास मनाई आहे, आणि फक्त खूश पाहुण्यांना निवडून त्यांच्याकडूनच रिव्ह्यू मागण्यासही मनाई आहे. पण खरा फटका त्याआधीच बसू लागला होता. ४.८ बघून आलेला माणूस जी अपेक्षा घेऊन येई ती आम्ही पुरी करू शकत नव्हतो, आणि तो पहाटेच चिडून निघून जाई. त्या जुलैत अकरांपैकी सात-आठ खोल्या रोज रिकाम्या राहत. भावाने आपला हिस्सा काढून घेतला. मी बायकोचे दागिने गहाण ठेवून पगार दिले.

याच काळात नाशिकच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका नेहमीप्रमाणे श्रावणात आल्या. आमच्या घरात सगळे त्यांना बाई म्हणतात. २०१० पासून त्यांचे एकही वर्ष चुकलेले नाही. निघताना त्यांनी पाटी वाचली, नाश्त्याचे पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हणाल्या, “पोह्यांचे पैसे घ्या. मला जे लिहायचे आहे ते मी घरी जाऊन, चहा पिऊन लिहीन.” चार दिवसांनी त्यांनी तीन तारे देऊन लिहिले की भस्मारतीला जाण्यासाठी रात्री साडेबाराला आंघोळ करावी लागते आणि त्या वेळी तळमजल्यावरच्या खोल्यांत पाणी कोमट असते. मला फार राग आला. तेरा वर्षांच्या ओळखीनंतर हे जाहीरपणे लिहायचे? बायकोने मला दोन प्रश्न विचारले : पाणी खरोखर कोमट असते का, आणि तिथे उतरणाऱ्या पुढच्या माणसाला ते आधी कळायला हवे की नाही. दुसऱ्या दिवशी मी पाटी उतरवली आणि क्यूआरचा ठोकळा कपाटात टाकला.

त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली ती आजही तशीच चालते. खोली देताना रजिस्टरवर सही घेतो तेव्हाच विचारतो की मुक्कामानंतर अभिप्रायासाठी एक संदेश पाठवला तर चालेल का, आणि उत्तराप्रमाणे नावापुढे खूण करतो. मोबाइल नंबर आपल्याला मुक्कामाच्या नोंदीसाठी दिलेला असतो. तो दुसऱ्या कामाला वापरायचा तर विचारणे आवश्यक आहे. निघताना काउंटरवर रिव्ह्यूचा शब्दही काढायचा नाही, ही मुलांना सक्त ताकीद आहे. संदेश दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला जातो. आमचे पाहुणे रात्रीच्या गाडीने परततात, म्हणून त्याच संध्याकाळी पाठवलेला संदेश सामान आणि मुले सांभाळताना पुसला जातो. आठवड्याने पाठवला तर खोलीचा नंबरही आठवत नाही. संदेशासाठी एक जुना हँडसेट वेगळा ठेवला आहे, त्यात व्हॉट्सॲप बिझनेस आहे, आणि माझी मुलगी रजिस्टर समोर ठेवून एकेक संदेश स्वतः पाठवते. मजकूर असा आहे :

“नमस्कार. आपण १२ ते १४ तारखेला आमच्याकडे खोली क्रमांक ४ मध्ये राहिलात. मुक्काम कसा झाला हे आपल्या शब्दांत लिहिलेत तर पुढच्या यात्रेकरूंना खोली निवडताना उपयोग होईल. आवडले ते आणि न आवडलेले, दोन्ही लिहावे. लिहिणे सर्वस्वी आपल्या इच्छेवर आहे आणि याबद्दल आम्ही पुन्हा आठवण करणार नाही.”

खाली रिव्ह्यूचा दुवा आणि आमचा फोन नंबर, एवढेच. ताऱ्यांचा उल्लेख नाही, “आमच्या छोट्या व्यवसायाला आधार द्या” अशी विनवणी नाही, कोणा मुलाचे नाव नाही. ज्यांच्या नावापुढे खूण आहे त्या सगळ्यांना हाच मजकूर आणि हाच दुवा जातो, ज्याच्याशी भाड्यावरून वाद झाला त्यालाही. यादीतून एखादे नाव गाळण्याचा मोह मला आजही होतो, म्हणूनच हे काम मुलीकडे आहे.

या मजकुरातले एक वाक्य आम्ही नंतर काढले, आणि समव्यावसायिकांनी त्याकडे अवश्य लक्ष द्यावे. सुरुवातीला शेवटी लिहिले होते : “काही तक्रार असल्यास कृपया आधी आम्हाला फोन करा.” ते वाक्य आम्हाला सभ्य वाटत होते. दोन महिन्यांनी मुलीने दाखवले की तक्रारी फोनवर येतात आणि कौतुक तेवढे जाहीर होते. म्हणजे पाटी नसतानाही चाळणी लागलीच होती. “अनुभव कसा होता, चांगला की वाईट?” असे विचारून चांगला म्हणणाऱ्यालाच दुवा देणारी जी तयार साधने विकली जातात, त्यांचा परिणामही हाच असतो. फोन नंबर द्यावा, पण तो सगळ्यांना आणि दुव्याच्या सोबत. दुव्याच्या आधी अडसर म्हणून नव्हे.

त्या डिसेंबरात या संदेशाला आलेल्या उत्तरांत तीन जणांनी पाण्याबद्दल लिहिले. मुलीने खोल्यांचे नंबर रजिस्टरवर ताडून पाहिले, तर तिन्ही तळमजल्याच्या, ३, ४ आणि ५. वरच्या मजल्यावरून एकही तक्रार नव्हती. सोलरची टाकी गच्चीवर, तिथून तळमजल्यापर्यंत नळ लांब, त्यामुळे बराच वेळ आधी नळातले थंड पाणीच येते. आणि टाकीत विजेचा जो हीटर आहे तो रात्रपाळीचा मुलगा बिल वाचवण्यासाठी दहालाच बंद करी. इंदूरहून उज्जैन सुमारे ५५ किलोमीटर आहे, आरती पहाटे चारच्या सुमारास, म्हणून आमची आंघोळीची खरी वेळ मध्यरात्रीची. ही गोष्ट आम्हा दिवसा काउंटरवर बसणाऱ्यांना कधी जाणवलीच नव्हती. त्या तीन खोल्यांत १५ लिटरचे स्वतंत्र गिझर बसवले आणि पाण्याच्या तक्रारी थांबल्या. केवळ तारे मागितले असते तर आम्हाला तीन ठिकाणी तीन तारे दिसले असते. नंबर ३, ४, ५ दिसले नसते.

या पद्धतीला मर्यादा आहेत, त्या लपवणे योग्य नाही. दहा संदेशांमागे एखाद-दुसराच माणूस लिहितो, आणि लिहिणारा बहुधा फार खूश किंवा फार नाराज असतो. मधला गप्पच राहतो. आमचे गुण ४.८ वरून ४.२ वर आले आणि पुढचे कित्येक महिने नव्या बुकिंगवर त्याचा परिणाम झाला. ज्याला कर्जाचे हप्ते भरायचे आहेत त्याने हे आधीच हिशेबात धरावे. पण आता येणारा माणूस “तळमजला नको” किंवा “रस्त्याकडची खोली नको, कुत्री भुंकतात असे वाचले” असे फोनवरच सांगतो, त्यामुळे आल्यावरचे भांडण टळते आणि तो पूर्ण मुक्काम करतो. खोल्या हळूहळू भरू लागल्या त्या यामुळे, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक सांगतो. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी IS 19000:2022 हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे, पण रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत याची चौकट त्यात आहे. ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे आणि जे तिच्यावर फक्त कौतुकाची पत्रे लावतात, त्यांनी ते वाचावे. मी वाचले आणि आमच्या वेबसाइटवरची निवडक पत्रे काढून टाकली. मागच्या गल्लीतल्या हॉटेलात बिलातून शंभर रुपये अजूनही कमी होतात. मला त्याचा त्रास होतो, आणि होत नाही असे मी म्हणणार नाही.

बाई यंदाही श्रावणात येऊन गेल्या. त्यांना संदेश इतरांसारखाच, दुसऱ्या दिवशी अकराला गेला. त्यांनी चार तारे देऊन लिहिले की पाणी उत्तम आहे, मात्र पहिल्या मजल्याच्या जिन्यावरचा दिवा रात्री बंद असतो आणि वयस्कर माणसाला पायरी दिसत नाही. मी खाली जाहीर उत्तर लिहिले की होल्डर सैल होता, बदलला आहे, आणि रात्रभर दिवा चालू ठेवण्याची नोंद रात्रपाळीच्या वहीत केली आहे.