सरांना प्रगती अहवाल दिला

आज सरांना अहवाल दिला. उन्हाळी फेरीतले विहिरींचे नमुने झाले, नकाशाही तयार आहे. ते दोन ओळींत आटोपलं. खरी गोची आयन-संतुलनाची. पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांचा भार सारखा यायला हवा, साधारण ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. एका विहिरीत धन ८.४, ऋण ७.२ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे फरक दोन्हींच्या बेरजेच्या जवळपास ८ टक्के!

गंमत म्हणजे ऋण आयनांची ही कमतरता फक्त जड पाण्याच्या विहिरींत. प्रयोगशाळेतल्या रांगेत बाटल्या पडून राहिल्या, तळाशी पांढरा थर धरला. चुना खाली बसला आणि बायकार्बोनेट घटलं. कॅल्शियम आम्ल घातलेल्या वेगळ्या बाटलीतून मोजतात, म्हणून ते मात्र पुरेपूर आलं.

आता निर्णय सरांचा: हे नमुने वगळायचे, की त्या विहिरींवर पुन्हा जाऊन सगळेच नमुने नव्याने घ्यायचे आणि बायकार्बोनेटचं टायट्रेशन जागेवरच करायचं? माझं मत दुसऱ्याला. वगळले तर नेमक्या जड पाण्याच्याच विहिरी जातील. पण पाऊस पडून पुनर्भरण सुरू झालं की उन्हाळी पाणी हातचं गेलं, तेव्हा उत्तर या आठवड्यात हवंय. सर म्हणाले, "आधी गाडीखर्चाचा हिशोब आण."