त्या खोलीत जे घडले, ते लिहू नका

पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या उपशामक सेवा विभागात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा रुग्णांच्या वेदना आणि धाप कमी करणे हे आमच्या विभागाचे काम असून, माझ्या वाट्याला मुख्यतः नातेवाईक येतात. मृत्यूनंतरचे पहिले काही तास कागदांतच जातात, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४, भरायचे, बिल मिटवायचे, शववाहिनी बोलवायची, आणि या गडबडीत मृताचे नाव आधार कार्डावरच्यासारखेच लिहिले गेले आहे ना, हे कोणीतरी शांत डोक्याने पाहायचे. ते बहुधा मीच पाहते, कारण तिथे एक अक्षर चुकले तर बँक, निवृत्तिवेतन आणि विमा अशा प्रत्येक खिडकीवरून त्या कुटुंबाला परत पाठवले जाते.

गेल्या पावसाळ्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने एक गृहस्थ आमच्याकडे वारले. त्यांच्या मुलाला प्रसाद म्हणू आणि त्याच्या मित्राला निखिल. दोन्ही नावे बदललेली आहेत. शववाहिनी सातारा जिल्ह्यातील त्यांच्या गावाकडे रवाना झाल्यानंतर निखिल धावतपळत वॉर्डात पोहोचला. फोन करण्याचा धीर होत नव्हता, म्हणून त्याने मेसेज लिहिला होता, आणि पाठवण्यापूर्वी कोणाला तरी दाखवावा म्हणून तो माझ्या टेबलाशी आला. “मॅडम, एवढं बघता का, काही चुकीचं जायला नको,” असे म्हणून त्याने मोबाइल पुढे केला.

“प्रसाद, काका गेल्याचे कळले, फार वाईट वाटले. देवापुढे कोणाचे चालत नाही. तू सगळे प्रयत्न केलेस, काही कमी पडू दिले नाहीस. शेवटच्या क्षणी तू त्यांच्याजवळ होतास हे मोठे भाग्य. आता काकूंसाठी तुला खंबीर राहायचे आहे. काही लागले तर हक्काने सांग.”

वाईट हेतूचा एकही शब्द त्यात नव्हता. सकाळपासून नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या समईच्या चित्रांपेक्षा आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’पेक्षा तो कितीतरी बरा होता. तरीही मधली दोन वाक्ये वाचून मी थबकले, कारण निखिलला माहीत नसलेल्या दोन गोष्टी मला माहीत होत्या. श्वास फारच जड झाला तर वडिलांना अतिदक्षता विभागात हलवून व्हेंटिलेटर लावायचा नाही, हा निर्णय प्रसादने डॉक्टरांशी दोनदा बोलून घेतला होता. वैद्यकीयदृष्ट्या तो योग्यच होता, शिवाय वडिलांची स्वतःचीही तीच इच्छा होती, पण चुलत्यांपैकी एकाने वॉर्डाच्या दारातच “पैशाकडे बघितलं का?” असे विचारल्यापासून प्रसाद आतून खचला होता. दुसरी गोष्ट अशी, की रात्रभर उशाशी बसलेल्या या मुलाला आमच्या सिस्टरांनी बळेच खाली चहाला पाठवले आणि नेमक्या त्याच वेळी वडिलांचा श्वास थांबला. वर आल्यावर तो मला एवढेच म्हणाला, “पाचच मिनिटं, मॅडम.”

म्हणजे ‘सगळे प्रयत्न केलेस’ आणि ‘जवळ होतास’ ही दिलाशाची वाक्येच त्याला सर्वांत जास्त बोचणार होती. पण यातले काहीच मी निखिलला सांगू शकत नव्हते. कुटुंबाने आम्हाला सांगितलेली गोष्ट जिवलग मित्रापर्यंतही आमच्या तोंडून जाता कामा नये. म्हणून मी त्याला सांगितले, “त्या खोलीत तुम्ही नव्हता, तेव्हा तिथे काय झाले, कसे झाले, याविषयी काहीच लिहू नका. काकांचे जे तुम्ही स्वतः पाहिले आहे तेवढेच लिहा.” आजाराचे शेवटचे दिवस घरच्यांच्या मनात वारंवार तपासले जातात, आधी दाखवायला हवे होते का, ते औषध बंद करायला नको होते का, हे प्रश्न त्यांना इतरांनी विचारावे लागत नाहीत, आणि बाहेरच्या माणसाने कौतुक केले तरी ते त्या तपासणीत पुराव्यासारखे दाखल होते. ‘सुटले बिचारे’ या वाक्याचेही तसेच आहे. घरच्यांनी ते म्हटले तर आपण मान हलवावी, पण आपण होऊन म्हणू नये. आमचे एक ज्येष्ठ डॉक्टर हे वाक्य अजूनही दरवेळी उच्चारतात आणि मुलीचा चेहरा बदललेला त्यांना दिसत नाही, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

‘खंबीर राहा’ हे वाक्य त्याने स्वतःच काढले. ‘काही लागले तर सांग’ मात्र त्याला सोडवत नव्हते, आणि ते मी समजू शकते, कारण ते मनापासूनच लिहिलेले असते. परंतु त्या दिवशी काय लागेल हे ठरवण्याचे कामही आपण त्याच माणसाच्या गळ्यात घालतो, आणि तो कधीच काही मागत नाही. मी निखिलला खरे काम सांगितले. रुग्णालयातील मृत्यूची नोंद आम्हीच २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे पाठवतो, पण दाखला घरच्यांना आणावा लागतो, आणि त्याच्या प्रती भरपूर घ्याव्या लागतात. गावी तेराव्यापर्यंत अडकलेल्या माणसासाठी पुण्यातली ही फेरी कोणीतरी मारली तर फार मोठे ओझे उतरते.

मग काकांची आठवण सांगा म्हटल्यावर तो जरा गोंधळला आणि नंतर हसला. शेवटी गेलेला मेसेज असा होता: “प्रसाद, काका गेल्याचे आत्ताच कळले. मला स्कूटर त्यांनी शिकवली, आणि मी ती गेटवर घातली तेव्हा माझ्या घरी त्यांनी अवाक्षर काढले नाही, ते आज सारखे आठवते आहे. मी उद्या सकाळी गावी पोहोचतो. पुण्यातले दाखल्याचे काम मी करेन. याला उत्तर द्यायची गरज नाही.” शेवटचे वाक्य मी आग्रहाने घालायला लावले, शेकडो मेसेजना ‘धन्यवाद’ लिहीत बसलेली मुले मी बाकावर पाहते. शिवाय चौदाव्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, पुन्हा लिहा आणि यंदा दिवाळीच्या शुभेच्छांच्या यादीतून त्यांचे नाव आठवणीने काढा, असेही सांगितले. वर्षभर सण नसलेल्या घरात सगळ्यांना एकदम पाठवलेला रंगीत आकाशकंदील पोहोचतो, हे पाठवणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

तेराव्यानंतर प्रसाद विम्यासाठी उपचारांचे कागद घ्यायला आला. त्याच्या मामांनी, साहेबांनी आणि शेजाऱ्यांनी ‘तू जवळ होतास ना’ हे त्याला विचारूनच घेतले होते. मी त्याला जे खरे आहे ते सांगितले: वडील त्या वेळी मॉर्फिनखाली शांत झोपलेले होते, सिस्टर खाटेशीच होत्या, आणि उशाशी बसलेला माणूस क्षणभर उठल्यावर श्वास थांबणे हे आमच्या वॉर्डात वारंवार घडते. त्याने पुन्हा एकदा तेच विचारले, मी पुन्हा तेच सांगितले.

माझ्या मनात मात्र निखिल राहिला आहे. ‘जवळ होतास’ ही ओळ पुसताना त्याने वर पाहिले होते आणि काही विचारले नव्हते. सहकारी म्हणतात, मी उगाच खोलात जाते. असेल, पण एकाच ओळीवर बोट ठेवले की न सांगितलेलेही कळते. म्हणून आता मी ते वाक्य प्रत्येकालाच काढायला सांगते, मुलगा शेवटपर्यंत उशाशी बसलेला असला तरीही.