इंजिनावर गोळ्या लागल्याच नसतील तर?

सोमवार, रात्री

मासिकाचा लेख सर्व्हायव्हरशिप बायसवर आहे. जे टिकलं तेवढंच डोळ्यांसमोर राहतं, जे गेलं ते मोजणीतूनही जातं, आणि मग उरलेल्यांकडे पाहून काढलेला निष्कर्ष फसतो. हे असं दोन ओळींत सांगितलं की वाचणारा मान हलवतो आणि पान उलटतो. दुसऱ्या दिवशी विचारलं तर काहीच आठवत नाही. म्हणून किस्सा हवा, आणि या विषयाचा किस्सा तर तयारच आहे. दुसरं महायुद्ध चालू आहे. बॉम्बफेकी विमानं गोळ्या खाऊन परत येतात. भोकं बहुतेक पंखांवर आणि धडावर, इंजिनावर फारच कमी. अधिकारी म्हणतात, जिथे भोकं जास्त तिथे पत्रा जाड करू. अब्राहम वॉल्ड नावाचा संख्याशास्त्रज्ञ म्हणतो, उलट करा. इंजिनावर गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत, म्हणून ती भोकं तुम्हाला दिसत नाहीत.

मावशीला वाचून दाखवलं. तिने बँकेत काउंटरवर उभं आयुष्य काढलंय, ताळेबंद जुळेपर्यंत ती कुणाचं काही मानत नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "छान आहे गं. पण इंजिनावर गोळ्या लागल्याच नसतील तर?"

मंगळवार

मावशीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. किस्सा तो प्रश्न मनात येऊच देत नाही, कारण वॉल्डचं उत्तर चटकदार आहे. आकडे मांडल्यावर मात्र तो टाळता येत नाही. आज उदाहरण करून पाहिलं.

समजा 100 विमानं, प्रत्येकाला एकच गोळी. गोळी कुठे लागेल हा निव्वळ योगायोग, आणि विमानाच्या पृष्ठभागाचा पाचवा भाग इंजिनाचा. मग 20 गोळ्या इंजिनावर, 80 इतरत्र. इंजिनावर लागलेल्या 20 पैकी 15 विमानं पडतात, इतरत्र लागलेल्या 80 पैकी 4. परत येतात 5 आणि 76, म्हणजे 81. हँगरमध्ये उभं राहून मोजणाऱ्याला इंजिनावर 5 भोकं दिसतात आणि बाकी अंगावर 76. इंजिन सुरक्षित आहे असंच त्याला वाटणार.

आता मावशीची शंका. इंजिनावर मुळात 5 किंवा 6 गोळ्याच लागल्या असत्या आणि ती विमानं सुखरूप परतली असती, तरी हँगरमधलं दृश्य जवळजवळ हेच असतं! फरक फक्त एका आकड्याने कळतो: गोळ्या सारख्या विखुरल्या असत्या तर 81 मध्ये इंजिनावर किती अपेक्षित होत्या? पाचवा भाग, म्हणजे सुमारे 16. दिसतात 5. ही 11 ची तूट आहे म्हणून संशय घ्यायचा, भोकं कमी दिसतात म्हणून नव्हे. आणि 'गोळ्या सारख्या विखुरतात' हे गृहीत धरलंय, हेही उघड लिहायचं. उदाहरणात अपेक्षित आकड्यांची ओळ नसेल तर तो किस्साच राहतो, फक्त आकडे घातलेला.

आकडे निवडतानाही थोडं घोळले. आधी टक्केवारीने लिहिलं होतं, 75 टक्के आणि 5 टक्के असं. मग वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी 'कशाचे टक्के?' हे मनात धरून ठेवावं लागतं. 20 पैकी 15 म्हटलं की विमानं मोजता येतात. एकूण 100 ठेवली ती त्यासाठीच. 1,000 घेतली असती तर पाटीवर न मांडता बेरीज झाली नसती.

बुधवार

किस्सा तपासायला बसले. वॉल्डचं काम खरंच आहे: 1943, कोलंबिया विद्यापीठातला संख्याशास्त्रीय संशोधन गट, परतलेल्या विमानांवरून विमानाची नाजूक जागा कशी ओळखावी यावरची टिपणं. पण त्यांत अधिकाऱ्यांशी झडलेला तो संवाद नाही, समीकरणं आहेत. सगळीकडे फिरणारं लाल ठिपक्यांचं विमानाचं चित्रही फार नंतरचं.

टिपणातलं उदाहरण मात्र किस्स्यापेक्षा मला जास्त आवडलं. 400 विमानं गेली. 320 एकही गोळी न लागता परतली, 32 एक गोळी खाऊन, 20 दोन, 4 तीन, 2 चार आणि 2 पाच. एकूण 380. उरलेली 20 बेपत्ता, त्यांना किती गोळ्या लागल्या कुणालाच माहीत नाही. दोन गोष्टी गृहीत धरायच्या: गोळी न लागता एकही विमान पडत नाही, आणि प्रत्येक गोळीचा धोका सारखाच. एवढ्यावरून वॉल्ड काढतो की एक गोळी सोसून तरण्याची शक्यता सुमारे 85 टक्के. न दिसलेल्या विमानांबद्दल दिसलेल्यांवरून काहीतरी नेमकं सांगता येतं, हा त्याचा खरा चमत्कार. लेखात याला चौकट देईन. समीकरण नाही घालणार. तिथे अर्धे वाचक गळतील.

वॉल्डचा शेवट भारतात झाला. व्याख्यानांसाठी आला असताना डिसेंबर 1950 मध्ये नीलगिरीत विमान कोसळलं, त्यात तो आणि त्याची पत्नी गेली. हात शिवशिवतोय हे लिहायला, पण कापलं. वाचणारा तेच लक्षात ठेवेल, आणि त्याचा लेखातल्या कल्पनेशी काडीचाही संबंध नाही.

शुक्रवार

एका उदाहरणावर भागत नाही. मानसशास्त्रज्ञ मेरी गिक आणि कीथ होलिओक यांचा 1980 चा प्रयोग आठवला. लोकांना एक गोष्ट वाचायला दिली: किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मोठी फौज गेली तरच फुटणारे सुरुंग आहेत, म्हणून सेनापती फौजेच्या छोट्या तुकड्या करून सगळ्या वाटांनी एकदम पाठवतो. मग पोटातल्या गाठीचा प्रश्न दिला: जोरदार किरणांनी गाठ जळते, पण वाटेतला चांगला भागही जळतो, काय कराल? उत्तर तेच आहे, सौम्य किरण अनेक बाजूंनी सोडायचे. पण गोष्ट वापरा असं सांगेपर्यंत बहुतेकांना ती सुचलीच नाही. सेनापती लक्षात राहिला, युक्ती नाही. 1983 मध्ये त्यांनीच दाखवलं की वेगळ्या वेशातल्या दोन गोष्टी देऊन त्यांची तुलना करायला लावली, तर फरक पडतो.

म्हणून विमानाजवळ म्युच्युअल फंड ठेवला. समजा 10 योजना सुरू झाल्या. काही वर्षांत 3 बंद पडल्या किंवा दुसऱ्यांत विलीन झाल्या. त्यांचा सरासरी परतावा 2 टक्के. चालू असलेल्या 7 योजनांचा 12 टक्के. आजची यादी पाहणाऱ्याला 12 दिसतात, दहाही धरल्या तर 84 अधिक 6 भागिले 10, म्हणजे 9. मग विचारायचं, इथलं 'हँगर' कोणतं आणि पडलेली विमानं कोणती? उत्तर मी देणार नाही, दोन ओळी मोकळ्या सोडणार.

रविवार

मावशीला नवा खर्डा वाचायला दिला होता. समजलं का, असं विचारलं नाही. त्याला 'हो' हेच उत्तर येतं. तिच्या माहितीतलं उदाहरण मागितलं. म्हणाली, "आपण म्हणतो ना, आमच्या वेळचे मिक्सर पंचवीस-पंचवीस वर्षं चालायचे. जे जळले ते भंगारात गेले, ते कुठे दिसतात?"

विमान नाही, फंड नाही, स्वतःचं उदाहरण! मी खूश. पण ती लगेच म्हणाली, "तरी जुने खरंच चांगले असतील, नाहीतर नसतील. त्या वेळी किती विकले गेले ते कळल्याशिवाय तुझी ती अपेक्षित आकड्याची ओळ कशी भरायची?" तो आकडा मिळेल असं वाटत नाही. मिक्सर लेखात घालते, आणि ती ओळ कोरीच ठेवते.